गव्हाला सोंडे, कळण्याला जाळी: काय ठेवायचं आणि काय टाकायचं

नमस्कार मावशी,
मी अमळनेर तालुक्यातून लिहितेय. आखाजीला घरचा लोकवन गहू एक क्विंटल कोठीत भरला होता, त्यातला साठेक किलो शिल्लक आहे. परवा कोठी उघडली तर वर काळे किडे, बरेच मेलेले दिसतात. कळण्याच्या पिठाच्या डब्यात झाकणाला जाळीसारखं काहीतरी लटकतंय आणि संध्याकाळी ट्यूबलाईटभोवती राखाडी पाखरं फिरतात. चार फोटो पाठवतेय. सासूबाई म्हणतात पीठ चाळून घे आणि गहू उन्हात टाक, काही होत नाही. नवरा म्हणतो सगळं फेकून दे. दुकानदार म्हणतो कोठीत गॅसच्या गोळ्या टाका. आम्ही आठवडाभर त्याच पिठाच्या भाकरी खाल्ल्या त्याचं पण टेन्शन आलंय. काय ठेवू, काय टाकू?

पोरी,

आधी भाकरीचं सांगते म्हणजे डोक्यावरचा भार उतरेल. ह्या किड्यांनी कुठला रोग होत नाही, ते चावत नाहीत, आणि तव्यावर भाकरी भाजली की त्यातलं जिवंत काही उरत नाही. घरात कुणाला दमा असेल किंवा अंगाला खाज, पुरळ असं काही आलं असेल तर डॉक्टरांना ह्या पिठाचं आवर्जून सांग, कारण किड्यांची विष्ठा आणि कातीची अ‍ॅलर्जी असू शकते. बाकी कुणाला त्रास नसेल तर आठवडाभराच्या भाकऱ्यांचं टेन्शन सोडून दे. मात्र ते पीठ आजपासून बंद.

आता फोटो. चारही नीट झूम करून पाहिले. तुझ्या घरात एक नाही, दोन वेगवेगळ्या किडी आहेत आणि त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही, म्हणून गव्हाचा निर्णय वेगळा आणि पिठाचा वेगळा. सासूबाई गव्हाबद्दल बरोबर आहेत, पिठाबद्दल नाहीत. तुझे मिस्टर पिठाबद्दल बरोबर आहेत, गव्हाबद्दल नाहीत. दुकानदार दोन्हीबद्दल चुकीचा आहे, त्याचं पुढे सांगते.

पहिला फोटो, तळहातावरचा गहू. फोटो थोडा हललाय पण दोन किडे बाजूने दिसताहेत आणि त्यांच्या तोंडाला पुढे बारीक सोंड आहे, ती दिसली की शंका उरत नाही, हे सोंडे. काही घरात ह्यांनाच टोके म्हणतात. लांबी तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याहून कमी, तीनेक मिलिमीटर, रंग काळपट तपकिरी आणि फोटो चांगला असेल तर पाठीवर चार फिकट तांबूस ठिपके दिसतात. तू लिहिलंस बरेच मेलेले आहेत, तर त्यावर विश्वास ठेवू नको. हात लागला, दाणे हलवले की सोंडे पाय आखडून घेतात आणि मेल्यासारखे पडून राहतात. फोटो काढताना तू गहू हातावर घेतलास, ते सगळे निपचित झाले. तोच गहू पांढऱ्या कागदावर पसर, हात न लावता दहा मिनिटं थांब आणि मग दुसरा फोटो काढ, दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून बघ, ज्याची जागा बदलली तो जिवंत. हे आधी करून बघ कारण मेलेल्या किड्यांचा गहू म्हणजे जुनी गोष्ट आणि जिवंत किड्यांचा गहू म्हणजे चालू काम, दोघांत फरक आहे.

तिसरा फोटो मला सगळ्यात उपयोगी वाटला, स्टीलच्या ताटलीवरचा. त्यात किडा एकच आहे पण दाणे स्वच्छ दिसतात, आणि गव्हाच्या बाबतीत किडे मोजण्यापेक्षा दाणे मोजणं जास्त खरं असतं. कारण असं की सोंड्याची मादी दाण्याला सोंडेने भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून चिकट पदार्थाने ते भोक बुजवून टाकते. अळी आतच जन्मते, आतलं सत्त्व खाते, आतच कोष होतो आणि पूर्ण वाढ झालेला किडा दाणा फोडून बाहेर येतो. आपल्याकडे पावसाळ्यातल्या उबदार दमट हवेत ह्याला साधारण महिना-सव्वा महिना लागतो आणि एक मादी तिच्या आयुष्यात तीनशेच्या आसपास अंडी घालू शकते. म्हणजे तुला वर जे फिरताना दिसतात ते बाहेर पडलेले, आणि जे आत बसलेत ते कुठल्याच फोटोत येणार नाहीत. चाळणीने पण ते जात नाहीत, चाळल्यावर गहू स्वच्छ दिसतो आणि तीन आठवड्यांनी परत तेच, बायका म्हणतात चाळला तरी किडे कुठून आले, ते कुठून येत नाहीत गं, दाण्यातच असतात.

त्या फोटोत मला नीट फोकसमध्ये दिसणारे दाणे साधारण पन्नास आहेत आणि त्यातल्या तिघांना भोक आहे. भोक ओळखायचं कसं, तर गोल पण कडा कुरतडलेल्या, टाचणीच्या डोक्याएवढं किंवा त्याहून थोडं मोठं, आणि दाणा नखाने दाबला की आत पोकळ. दोन-तीन दाण्यांच्या एका टोकाला काळा डाग आहे, ते किडीचं नाही, ते शेतातच पिकताना ओल लागल्याने येतं, ते भोकात मोजू नको. मळणी मशीनने तुटलेले अर्धे दाणे पण मोजू नको, त्यांची कड सरळ तुटलेली असते. म्हणजे पन्नासात तीन, शंभराला सहा. पण हा झाला एका मुठीचा हिशोब आणि ती मूठ तू बहुतेक वरूनच घेतली असणार.

म्हणून काम असं कर. कोठीतला सगळा गहू काढायचाच आहे, तर काढता काढता वरचा, मधला आणि तळाचा असे तीन ढीग वेगळे ठेव. प्रत्येक ढिगातून चार ठिकाणाहून चिमूट चिमूट घेऊन एकत्र कर आणि शंभर दाणे मोजून गडद रंगाच्या ताटलीत एकेरी पसर, एकावर एक नको. खिडकीजवळ बस, उजेड बाजूने यायला पाहिजे, डोक्यावरची ट्यूब आणि फोनचा फ्लॅश बंद. बाजूच्या उजेडात भोकाला सावली पडते आणि ते उठून दिसतं, फ्लॅशने सगळे दाणे चमकतात आणि भोक हरवून जातं. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेव म्हणजे किडा केवढा ते कळतं. फोन वीतभर अंतरावर धर, झूम कमीच ठेव, स्क्रीनवर दाण्यावर बोट दाबून फोकस कर, आणि मग फोटोत झूम करून निवांत मोज. फोटोत मोजण्याचा फायदा हा की डोळे थकत नाहीत आणि उद्या परत मोजून बघता येतं.

मोजल्यावर निर्णय. माझे आकडे सांगते, हे सरकारी नाहीत, घरच्या वापराचा माझा ठोकताळा आहे. शंभरात दहापर्यंत भोकाचे दाणे असले तर तो गहू खाण्याचा, चाळायचा, ऊन द्यायचं, आणि ठेवायचा. दहा ते पंचवीस असले तर तो ठेवायचा नाही, आधी तोच संपवायचा, आणि दळायला नेण्याआधी पाण्यात टाकून पोकळ दाणे काढून टाकायचे. पंचविसाच्या वर गेला तर माणसांनी खाऊ नये, त्यात गहू कमी आणि भुगा-विष्ठा जास्त झालेली असते, पोळीला कडवट वास येतो आणि पोळी लाटताना तुटते. तो कोंबड्यांना चालतो, कोंबड्या किड्यांसकट आवडीने खातात, पण कोरडा असेल आणि बुरशी नसेल तरच.

समज तुझं वरचं सहा आलं, मधलं नऊ आलं आणि तळाचं बावीस. असं येण्याची शक्यता बरीच आहे, कारण तळाला मागच्या वर्षीचा भुगा राहिलेला असतो आणि कीड तिथूनच सुरू होते. मग वरचे दोन ढीग एकत्र करून ऊन द्यायचं आणि वर्षाला ठेवायचं, आणि तळाचा दहा-बारा किलो वेगळ्या पोत्यात भरून महिन्याच्या आत संपवायचा. हे ढीग परत एकमेकांत मिसळू नको, नाहीतर तळाची कीड सगळ्या साठ किलोत वाटली जाईल.

बुरशीची अट मात्र सगळ्या आकड्यांच्या वर आहे. किडे खूप झाले की त्यांच्या श्वासाने धान्य गरम होतं, ओल धरतं, कोठीत हात खुपसला तर आत कोमट लागतं, आणि मग दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात, त्यांच्यावर हिरवट, काळपट किंवा पांढरी लव दिसते, कुबट वास येतो. असे गठ्ठे सापडले तर भोकं मोजत बसू नको, ते गठ्ठे आणि त्यांच्या आजूबाजूचा हातभर गहू काढून पुरून टाक. बुरशीचं विष उन्हाने जात नाही, धुतल्याने जात नाही, भाजल्याने पुरतं जात नाही. आणि तो गाईम्हशीला तर अजिबात घालू नको, बुरशीच्या चाऱ्यातलं अफ्लाटॉक्सिन दुधात उतरतं आणि ते दूध तुझ्याच पोरांच्या पोटात जातं. सासूबाईंना हे मुद्दाम सांग, कारण खराब धान्य गुरांना घालायची आपल्याकडे सवय आहे. तुझ्या फोटोत मला बुरशी दिसली नाही, पण तळाचा फोटो तू पाठवलेला नाहीस.

ऊन कसं द्यायचं ते आता. आत्ता ऑक्टोबरचं ऊन आहे, आपल्या खानदेशात ते चांगलं कडक असतं, गच्ची दुपारी पाय ठेववत नाही इतकी तापते, ते वाया घालवू नको. नुसतं गहू गच्चीवर टाकून दिला की झालं असं नाही. जाड थर केला तर वरचा इंचभर तापतो आणि सोंडे खाली सरकून सावलीत बसतात. काळी किंवा गडद ताडपत्री पसर, त्यावर बोटभर जाडीचा थर कर, त्याहून जास्त नाही, आणि वरून पारदर्शक प्लास्टिकचा कागद घालून कडेला विटा ठेव. असं केलं की आतली उष्णता नुसत्या उन्हापेक्षा बरीच वाढते. दाण्याच्या आतली अळी मरायला दाणा पन्नास-पंचावन्न डिग्रीच्या वर जाऊन तिथे तासभर तरी टिकायला पाहिजे, म्हणून अकरा ते चार ठेव, दर तासाला कागद उचलून गहू हलव म्हणजे आतली वाफ पण निघून जाईल. कागदाच्या आतून पाण्याचे थेंब दिसले तर कागद काढून नुसत्या उन्हात आधी एक दिवस वाळव. हे दोन-तीन दिवस कर. ताडपत्री भिंतीला लागून पसरू नको, तापलं की सोंडे पळ काढतात आणि भिंतीवर चढून परत घरात येतात, ताडपत्रीच्या चारी बाजूंना मोकळी तापलेली फरशी पाहिजे, ती ओलांडताना ते मरतात.

संध्याकाळी गरम गरम गहू कोठीत भरायचा नाही. ही चूक फार घरात होते. गरम धान्य बंद कोठीत थंड होताना आतल्या पत्र्याला पाणी सुटतं, ते वरच्या थरात झिरपतं आणि महिन्याभरात तिथे बुरशी. रात्रभर घरात, पंख्याखाली, सुती कापड झाकून गार होऊ दे आणि सकाळी भर. पुरेसा वाळलाय का ते दाताखाली दाणा धरून बघ, कट् आवाज होऊन तुटला पाहिजे, दबला किंवा चेपला तर अजून ओल आहे.

कोठी रिकामी असताना ती धुवायच्या आधी कोरडीच खरवड. तळाचा जोड, झाकणाची कड, खालचं धान्य काढायचं तोंड, ह्या तीन जागी जुना भुगा घट्ट बसलेला असतो, जुन्या टूथब्रशने तो काढ आणि काढलेला भुगा अंगणात झटकू नको, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेव. तो भुगा काढताना त्यात बारीक सोनेरी तपकिरी केसाळ काती दिसल्या तर मला लगेच फोटो पाठव. ती खपऱ्याची खूण असते, त्याला आपल्यासारखी उष्ण कोरडी हवा फार मानवते आणि त्याच्या अळ्या फटीत खाण्याशिवाय वर्षानुवर्षं तग धरतात, मग कोठी साफ करण्याची पद्धत वेगळी लागते. तुझ्या फोटोंमध्ये तसं काही नाहीये, घाबरू नको.

गॅसच्या गोळ्यांबद्दल मी स्पष्ट लिहिते. ते अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईड असतं. हवेतल्या ओलीने त्यातून फॉस्फीन गॅस सुटतो आणि तो माणसालाही तितकाच मारतो. राहत्या घरात, झोपायच्या खोलीशेजारी धान्यात ह्या गोळ्या ठेवून माणसं, लहान पोरं मेल्याच्या घटना आपल्या देशात झालेल्या आहेत. ह्या गोळ्या सरकारी गोदामं आणि परवानाधारक फवारणीवाल्यांसाठी आहेत, घरगुती वापराला द्यायला बंदी आहे, दुकानदाराने त्या तुला सुचवायलाच नको होत्या. पाऱ्याच्या टिकड्या पण कोठीत टाकू नको, पारा हे विषच आहे आणि टिकडी फुटली तर भुगा गव्हात मिसळतो. कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकायचा तर टाक, नव्याने येणाऱ्या किडीला तो थोडाफार दूर ठेवतो, पण दाण्यात बसलेली अळी त्याने मरत नाही, त्यामुळे उन्हाच्या ऐवजी पाला असं करू नको.

आता दुसरा फोटो, कळण्याचा डबा. ह्यात माझं मत ठाम आहे, सगळं पीठ टाकून दे. चाळून नाही, वरचं काढून नाही, सगळं.

का ते फोटोतच आहे. झाकणाच्या कडेपासून पिठापर्यंत धागे लोंबताहेत आणि त्या धाग्यात पिठाचे कण मणी ओवल्यासारखे अडकलेत, मधे मधे गडद बारीक कण आहेत ती अळीची विष्ठा. ही पतंगाची जाळी आहे. चौथ्या फोटोत टाईल्सवर जे राखाडी-तपकिरी पाखरू बसलंय, पंख अंगाला मिटून, पंखावर ठळक नक्षी नाही, ते बहुतेक तांदळाचा पतंग, नाव तांदळाचं असलं तरी ज्वारी, पीठ, रवा, शेंगदाणे काहीच सोडत नाही. पंख पुढून फिकट आणि मागून तांबूस असा दोन रंगांचा असता तर दुसरी जात म्हटली असती, पण दोघांचं पिठात वागणं सारखंच आणि टाकायचा निर्णय पण तोच. पाखरू स्वतः पीठ खात नाही, ते फक्त अंडी घालायला येतं, खाते ती अळी, मळकट पांढरी, तपकिरी डोक्याची, आणि ती जिथे जाते तिथे रेशीम सोडत जाते.

म्हणूनच चाळण्यात अर्थ नाही. चाळणीच्या वर जाळी, गोळे आणि मोठ्या अळ्या राहतील हे खरं, पण अंडी, नुकत्याच निघालेल्या अळ्या, विष्ठा आणि कातीचे तुकडे पिठाइतकेच बारीक असतात, ते सगळे खाली जातात. चाळल्यावर पीठ डोळ्याला छान दिसतं आणि तीच फसगत आहे. गव्हात दाणा धुता येतो, पोकळ दाणा तरंगवून काढता येतो, पिठात वेगळं करायला काहीच हातात येत नाही. त्यातून तुझा कळणा, म्हणजे ज्वारीसोबत उडीद दळलेला, डाळीचं पीठ असलं की अळी आणखी झपाट्याने वाढते.

तुला पुढच्या वेळी जाळी की नुसता गोळा अशी शंका आली, तर काडी घे. काडीने गोळा उचलून हळू ओढ. जाळी असेल तर धागा ताणला जातो आणि गोळा काडीला लटकून वर येतो. ओलीने झालेला गोळा असेल तर तो नुसता मोडतो, धागा निघत नाही. बुरशी असेल तर कापसासारखी लव दिसते, ताणत नाही, आणि रंग हिरवट-करडा असतो. काडी वर धरून मागे गडद कापड ठेवून फोटो काढ, पांढऱ्या पिठावरची पांढरी जाळी समोरून काढलेल्या फोटोत दिसतच नाही, तुझ्या फोटोत ती दिसली कारण मागे स्टीलचं झाकण होतं.

जाळी नाही, किडा नाही, पण संशय आहे अशा डब्यासाठी एक सोपी तपासणी आहे. वाटीच्या बुडाने पिठाचा वरचा थर दाबून एकदम सपाट कर, फोटो काढ, झाकण लावून अर्धा तास ठेव आणि परत फोटो काढ. सपाट पिठावर बारीक नागमोडी रेषा उमटल्या किंवा मधेच उकरल्यासारखं झालं तर आत कुणीतरी चालतंय. घरातले बाकीचे डबे असेच तपास. गव्हाच्या पिठात तांबूस चपटे किडे, सोंड नसलेले, फिरताना दिसले तर ते पिठातले तांबडे भुंगेरे. ते फार झाले की पिठाला तिखट उग्र दर्प येतो आणि पीठ गुलाबीसर-करडं दिसायला लागतं, त्यांच्या अंगातून निघणाऱ्या रसायनामुळे. तसं पीठ पण चाळून वापरायचं नाही. हा गुलाबी रंग फोटोत ओळखायचा असेल तर पिठाशेजारी कोरा पांढरा कागद ठेव, नाहीतर फोन आपल्या मनाने रंग बदलतो. वास मात्र फोटोत येत नाही, तो तुलाच घ्यावा लागेल.

टाकायचं पीठ घरातल्या कचऱ्याच्या बादलीत टाकू नको, त्यातून पाखरं निघून परत स्वयंपाकघरातच येतील. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून घट्ट गाठ मार, दिवसभर कडक उन्हात ठेव आणि मग खड्ड्यात पुर. डबा गरम पाण्याने घास, झाकणाची दुमडलेली कड आतून टाचणीने कोरून काढ, कारण अळी पोट भरलं की पीठ सोडून बाहेर येते आणि कोष करायला अशीच फट शोधते. फळीखालचा कोपरा, फळीवर अंथरलेल्या कागदाची खालची बाजू, खिळ्यांची भोकं, गॅस सिलेंडरमागची भिंत, इथे पांढरट छोटे कोष चिकटलेले सापडतील, ते ओल्या फडक्याने पुसून फडकं उकळत्या पाण्यात टाक. शेंगदाण्याचा डबा, रवा, बेसन, आणि उन्हाळ्यातले बिबडे ठेवलेत ते पण उघडून बघ, विशेषतः शेंगदाणे, तिथे जाळी पटकन होते. शेंगदाण्यात जाळी दिसली तर निवडत बसू नको, ते पण टाक, शेंगदाण्याला बुरशी लवकर धरते.

ह्यानंतरही दीड-दोन महिने एखाददुसरं पाखरू दिसेल, कारण कुठेतरी एक कोष राहिलेला असतोच. रोज दिसायला लागली तर एखादा डबा तपासायचा राहिलाय असं समज आणि परत शोध.

नवीन कळणा दळशील तो पंधरा दिवसांचाच दळ, आणि चक्कीवाल्याला आधी दुसऱ्या कुणाची ज्वारी दळून झाल्यावर तुझी टाकायला सांग, सकाळी पहिलाच दळण नको, रात्रभर चक्कीत राहिलेलं पीठ पहिल्या दळणात येतं. घरी आणल्यावर पीठ पूर्ण गार होऊ दे, मग डब्यात भर. फ्रीजचं फ्रीझर चांगलं चालत असेल तर किलो-दीड किलोच्या पिशव्या करून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेव, अंडी असली तरी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता ती घराच्या तापमानाला येऊ दे आणि मगच उघड, नाहीतर पिठाला ओल सुटते.

दादर पण भरलेली असेल ना घरात? तिचा फोटो तू पाठवला नाहीस. ज्वारीत पाखरं दिसली पण जाळी अजिबात नसेल आणि दाण्याला गोल भोक असेल, तर ते वेगळं पाखरू आहे, गवती पिवळसर रंगाचं, त्याची अळी सोंड्यासारखीच दाण्याच्या आत राहते. तिथे गव्हाचाच नियम लाव, शंभर दाणे मोज आणि ऊन दे. आणि जाळी असेल, दाणे एकमेकांना धाग्याने चिकटून पुंजके झाले असतील, तर पुंजके काढून टाक, उरलेली ज्वारी पाखडून, धुऊन, खडखडीत वाळवून लवकर दळून संपव.

तळाच्या गव्हाचे शंभर दाणे आणि दादरचे शंभर दाणे, असे दोन फोटो बाजूच्या उजेडात, नाण्यासकट काढून पाठव. तोवर गहू गच्चीवर जाऊ दे, ऊन आहे तोपर्यंतच.

तुझी मावशी